धुराडे 'ओढते' म्हणजे काय? बॉयलरमधला ड्राफ्ट आणि त्याची शून्य रेषा

धुराडे धूर ओढून घेते असे आपण सर्रास म्हणतो, पण धुराड्याच्या आत ओढणारे असे काहीच नसते. उभी पोकळ नळी आणि तिच्यात भरलेला गरम वायू, एवढाच सगळा मामला असतो. जोर लावते ती बाहेरची थंड हवा, आणि तोही खालून, भट्टीच्या तोंडाशी. 'गरम हवा वर जाते' हे शाळेतले उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ओढ किती मिळेल, ती कुठे जास्त आणि कुठे शून्य असेल, आणि पंखा लावल्यावर नेमके काय बदलते, यांतले काहीच त्या उत्तरातून कळत नाही.

धुराड्याच्या अगदी टोकापासून सुरुवात करू. तिथे नळी उघडी असल्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच असतो. आता त्या पातळीपासून दोन्ही बाजूंनी एकेक मीटर खाली उतरत जाऊ. बाहेरून उतरताना प्रत्येक मीटरला थंड हवेच्या एका मीटरचे वजन दाबात मिळते, तर आतून उतरताना गरम आणि म्हणून हलक्या वायूच्या एका मीटरचे. तराजूच्या दोन पारड्यांत सारख्याच उंचीचे पण वेगवेगळ्या वजनाचे दोन स्तंभ ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. तळाशी पोहोचेपर्यंत बाहेरचे पारडे जड झालेले असते. म्हणजेच धुराड्याच्या बुडाशी आतला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा थोडा कमी असतो, आणि या फरकामुळेच बाहेरची हवा शेगडीच्या जाळीतून आत ढकलली जाते. म्हणून ओढ बुडाशी सर्वांत जास्त असते आणि वर जाताना कमी होत टोकाला संपते.

याचे गणित सुदैवाने फारच सोपे आहे. धुराड्याची उंची मीटरमध्ये घ्यावी आणि तिला बाहेरची हवा व आतला वायू यांच्या घनतेतल्या फरकाने, म्हणजे दर घनमीटरमागच्या किलोग्रॅममधल्या फरकाने, गुणावे. उत्तर थेट पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मिळते, कारण एका चौरस मीटरवर १ किलोग्रॅमचा भार म्हणजे पाण्याचा १ मिलिमीटर जाडीचा थर. ड्राफ्ट, म्हणजे ही ओढ, मोजण्याची कारखान्यातली रोजची भाषाही हीच आहे. काचेच्या यू-नळीत पाणी भरायचे, तिचे एक टोक उघडे ठेवायचे, दुसरे रबरी नळीने धूरमार्गाला जोडायचे आणि दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचायचा.

४० मीटर उंचीचे धुराडे घेऊ. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल तर तिची घनता सुमारे १.१६ असते. कोळशाच्या धूरवायूचे तापमान २५० अंश असेल तर त्याची घनता सुमारे ०.७१ भरते. फरक ०.४५, आणि त्याला ४० ने गुणले की १८ मिलिमीटर. एवढ्या उंच बांधकामातून मिळणारी ही सारी ओढ वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम सहाशेव्या हिश्शाएवढी आहे. त्यातलेही तीनचार मिलिमीटर वायूला धुराड्यातूनच वर नेण्यात आणि टोकाशी वेगाने बाहेर सोडण्यात खर्च होतात. इंधनाचा थर, नळ्या, वळणे आणि वायूची वाट कमीजास्त करणारी डॅम्परची झडप या सगळ्यांना पार करायला चौदा-पंधरा मिलिमीटर उरतात. केवळ धुराड्याच्या ओढीवर चालणाऱ्या या व्यवस्थेला नैसर्गिक ड्राफ्ट म्हणतात.

या ड्राफ्टवर माणसाचा ताबा बेताचाच असतो. बाहेर १० अंशांची थंडी असेल तर तेच धुराडे २१ मिलिमीटर देते, आणि ४० अंशांच्या उन्हात साडेसोळाच्या आसपास येते. सकाळी नीट चाललेली भट्टी दुपारी मंदावण्याचे कारण अनेकदा इंधनात नव्हे तर हवेच्या या हलकेपणात असते. बंद पडून थंड झालेल्या धुराड्यात तर ओढच नसते. आतली हवा बाहेरच्याइतकीच जड असते, आणि नळी ओली व गार असेल तर उलट खाली बसू पाहते. अशा वेळी भट्टी पेटवली की धूर दारातूनच बाहेर येतो. म्हणून भट्टी सांभाळणारे जुने फायरमन आधी धुराड्याच्या बुडाशी थोडा जाळ करून आतला स्तंभ गरम करून घेतात आणि मगच मुख्य भट्टी पेटवतात.

मग वायू जास्त गरम सोडून ओढ वाढवता येणार नाही का? येईल, पण थोडीच. तापमान वाढवले की ओढ वाढते, मात्र वायू विरळही होतो, त्यामुळे तेवढ्याच आकारमानात कमी किलोग्रॅम बाहेर पडतात. या दोन गोष्टींची ओढाताण अशा ठिकाणी थांबते, जिथे वायूचे निरपेक्ष, म्हणजे केल्विनमध्ये मोजलेले, तापमान बाहेरच्या हवेच्या दुपटीपेक्षा किंचित जास्त असते. आपल्या उदाहरणात ते सुमारे ३६५ अंश सेल्सिअस येते. त्यापुढे वायू कितीही तापवला तरी धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे वजन वाढत नाही, उलट घटू लागते. आणि २५० वरून ३६५ अंशांपर्यंत जाऊन तरी काय मिळते? वायूच्या वजनात अडीच टक्क्यांची वाढ. धूरवायूचे तापमान सुमारे २२ अंशांनी वाढले की इंधनाचा खर्च अंदाजे एका टक्क्याने वाढतो, असा कामचलाऊ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने या अडीच टक्क्यांसाठी पाच टक्के इंधन उधळावे लागते. हा सौदा कुणीही शहाणा माणूस करणार नाही.

उलट दिशेने गेलो तर नैसर्गिक ड्राफ्टची मर्यादा आणखी उघडी पडते. इंधन वाचवण्यासाठी बॉयलरमागे धूरवायूच्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापवणारा इकॉनॉमायझर आणि भट्टीत जाणारी हवा तापवणारा एअर प्रीहीटर बसवले आणि धूरवायू १५० अंशांपर्यंत थंड केला, तर त्याच ४० मीटरच्या धुराड्याची ओढ १८ वरून ११ मिलिमीटरवर येते. त्याच वेळी वाटेत नळ्यांचे नवे जुडगे आल्यामुळे अडथळा मात्र वाढतो. धूळ पकडणारा बॅग फिल्टर एकटाच सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास दाब खातो. एकट्या धुराड्याने हे काम करायचे म्हटले तर उंची शेकडो मीटर न्यावी लागेल. आज उंच धुराडी बांधली जातात ती ओढीसाठी नव्हे, तर धूर उंचावर सोडून विरळ करण्यासाठी. ओढण्याचे काम पंख्यांकडे गेले आहे.

पंखा कुठे बसवायचा, यावरून उरलेले प्रकार ठरतात. पुस्तकांत ते वेगवेगळ्या व्याख्यांनी येतात, पण माझ्या मते ते समजून घेण्याची एक सरळ वाट आहे. हवा आत शिरते तिथे वातावरणाचा दाब आणि धूर बाहेर पडतो तिथेही वातावरणाचाच दाब. मधल्या वाटेवर कुठे दाब वातावरणापेक्षा जास्त आहे, कुठे कमी आहे आणि कुठे अगदी बरोबरीला येतो, एवढेच पाहायचे. बरोबरीच्या त्या जागेला आपण शून्य रेषा म्हणू. ती कुठे पडते, हाच या प्रकारांमधला खरा फरक आहे.

पंखा भट्टीच्या आधी असेल तर तो हवा आत रेटतो. हा फोर्स्ड ड्राफ्ट, आणि तो पंखा म्हणजे एफडी फॅन. यात भट्टीपासून धुराड्यापर्यंतचा जवळजवळ सगळा मार्ग वातावरणापेक्षा जास्त दाबाखाली असतो आणि शून्य रेषा पार धुराड्याशी जाते. पंख्याला थंड, स्वच्छ हवा हाताळायची असल्याने तो लहान असतो आणि टिकतोही. मात्र जिथे फट असेल तिथून गरम वायू बाहेर येतो. म्हणून ही पद्धत तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या, पक्क्या बंदिस्त बॉयलरांना शोभते. तिथे दाराची गॅस्केट खराब झाली की कडेचा रंग जळतो, काळे ओघळ उमटतात, आणि बिघाड डोळ्यांना दिसतो.

पंखा धुराड्याच्या आधी, वाटेच्या शेवटी बसवला तर तो वायू ओढून घेतो. हा इंड्यूस्ड ड्राफ्ट, आणि पंखा म्हणजे आयडी फॅन. आता सगळा मार्ग वातावरणापेक्षा कमी दाबाखाली येतो आणि शून्य रेषा हवा आत शिरते त्या तोंडाशी सरकते. दार उघडून इंधन टाकावे लागते अशा भट्टीत हे सोयीचे असते, कारण दार उघडले तरी ज्वाळा माणसाच्या अंगावर येत नाही. पण पंख्याच्या वाट्याला गरम आणि धूळभरला वायू येतो. ३० अंशांची हवा १५० अंशांवर नेली की तिचे आकारमान १.४ पट होते, म्हणून आयडी फॅन मोठा लागतो, आणि राखेने त्याची पाती झिजतात. पंखा न वापरताही वायू असा ओढता येतो. वाफेच्या रेल्वे इंजिनाला उंच धुराडे परवडत नसे, म्हणून सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्याच्या बुडाशी झोताने सोडली जाई आणि तो झोत धूर खेचून नेई. १८२९ सालच्या स्टीफन्सन यांच्या रॉकेट इंजिनातही हीच युक्ती होती. तिची खुबी अशी की इंजिनावर भार वाढला की वाफ जास्त सुटे आणि ड्राफ्ट आपोआप वाढे.

मोठ्या घन इंधनाच्या बॉयलरवर दोन्ही पंखे असतात आणि शून्य रेषा मुद्दाम भट्टीच्या जरा अलीकडे आणून ठेवलेली असते. यालाच बॅलन्स्ड ड्राफ्ट म्हणतात. एका बॉयलरचे नमुन्याचे आकडे घेऊन हा सगळा प्रवास पाहू. एफडी फॅनमधून हवा वातावरणापेक्षा १३० मिलिमीटर जास्त, म्हणजे अधिक १३०, दाबाने निघते. एअर प्रीहीटरमध्ये ५० खर्च होतात आणि उरतात ८०. हवेचे मार्ग, जाळी आणि इंधनाचा थर मिळून ८५ खातात, म्हणून भट्टीत दाब उणे ५ वर येतो. म्हणजे शून्य रेषा इंधनाच्या थरातच कुठेतरी ओलांडली गेली. पुढे बॉयलरच्या नळ्या ४५ घेतात आणि दाब उणे ५० होतो. इकॉनॉमायझर २५, एअर प्रीहीटरची धूरबाजू ४० आणि बॅग फिल्टर १२५ मिलिमीटर घेतो. त्यामुळे आयडी फॅनच्या तोंडाशी उणे २४० वाचन मिळते. हा पंखा दाब २३६ मिलिमीटरने वाढवून वायू धुराड्याच्या बुडाशी उणे ४ वर सोडतो. ते उणे ४ म्हणजे धुराड्याची ११ मिलिमीटरची ओढ वजा तिथलेच ७ मिलिमीटरचे घर्षण व निर्गम. वाटेतला एकूण अडथळा ३७० मिलिमीटर, आणि त्यात धुराड्याचा निव्वळ वाटा ४. ज्या नळीला आपण सगळे श्रेय देतो ती इथे एका टक्क्याच्या आसपास काम करते आहे.

भट्टीत उणे ५ ठेवायचे असे म्हटले तरी भट्टीत नेमके कुठे, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते बहुतेक गोंधळ याच ठिकाणी होतो. भट्टी स्वतःच एक छोटे धुराडे असते. आतला वायू १००० अंशांवर असेल तर त्याची घनता सुमारे ०.२९ असते, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.८७ ने कमी. पहिल्याच नियमाने दर मीटर उंचीला दाबात ०.८७ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ८ मीटर उंच भट्टीत तो ७ मिलिमीटर होतो. ड्राफ्ट गेज खाली जाळीजवळ जोडलेला असेल आणि तिथे उणे ५ दिसत असतील, तर छताशी दाब अधिक २ असतो. मीटर पाहणाऱ्याला सगळे ठाकठीक वाटते आणि वरच्या सांध्यांतून मात्र धूर व राख बाहेर येत असते. म्हणून गेजची नळी भट्टीच्या वरच्या भागात जोडतात. तिथे थोडा उणे दाब ठेवला की खाली तो त्याहून जास्त उणे असणारच. पण छताशी उगाच जास्त उणे ठेवले, समजा उणे १५, तर तळाशी उणे २२ होतात आणि राखेच्या दारांतून थंड हवा सुसाट आत घुसते.

पोलाद तापवणाऱ्या रीहीटिंग भट्टीत हाच नियम उलट्या बाजूने वापरतात. तिथे माल तळावर पडलेला असतो आणि थंड हवा त्याला लागली तर गंज चढतो, इंधनही वाया जाते. म्हणून शून्य रेषा तळाच्या पातळीवर, किंवा तिच्या जराशी खाली आणतात. तळावर किंचित अधिक दाब असतो, आणि वरच्या फटींतून थोडी ज्वाळा बाहेर येणे हा त्यासाठी मोजलेला दाम असतो.

उणे दाबाच्या मार्गातला बिघाड डोळ्यांना दिसत नाही, कारण काही बाहेर येत नाही, सगळे आत जाते. झिजलेली दारे, धूरमार्गातले फाटलेले लवचीक बेलो, उसवलेले सांधे यांतून शिरणारी हवा जळणात भाग घेत नाही, फक्त आयडी फॅनवर बोजा टाकते आणि वायूचे तापमान खाली आणते. तापमान कमी दिसल्यामुळे एखाद्याला बॉयलर छान चालला आहे असेही वाटू शकते. ही गळती पकडायची खूण म्हणजे ऑक्सिजन. भट्टीच्या बाहेर पडताना वायूत ५ टक्के ऑक्सिजन असेल आणि आयडी फॅनच्या आधी ९ टक्के आढळला, तर फरकाच्या ४ ला १२ ने, म्हणजे हवेतल्या २१ टक्के ऑक्सिजनमधून ९ वजा करून उरलेल्या आकड्याने, भागावे, असा साधा हिशेब मांडावा. उत्तर एक तृतीयांश. भट्टीतून निघालेल्या दर तीन घनमीटर वायूमागे एक घनमीटर हवा वाटेत फुकट आत आली आहे. मग टप्प्याटप्प्याने ऑक्सिजन मोजत गेले की गळती कोणत्या टप्प्यात आहे ते कळते, आणि नेमका सांधा शोधायला पातळ कागदाची पट्टी त्याच्याजवळ धरली तरी पुरते. फट असेल तिथे ती आत खेचली जाते.

दुसरा नेहमीचा प्रसंग भट्टी 'पॉझिटिव्ह' होण्याचा, म्हणजे तिच्यातला दाब वातावरणापेक्षा जास्त होण्याचा. वरच्या उदाहरणात बॅग फिल्टरच्या पिशव्या धुळीने चोंदल्या आणि त्यांचा अडथळा १२५ वरून १६५ झाला असे समजू. आयडी फॅनचा डॅम्पर पूर्ण उघडला तरी त्याची क्षमता संपते, वायू कमी जातो आणि मागे साचतो, शून्य रेषा पुढे सरकून भट्टी ओलांडते आणि पाहण्याच्या छिद्रातून ज्वाळा फुरफुरू लागते. चालकाची पहिली प्रतिक्रिया एफडी फॅन कमी करण्याची असते. भट्टी पुन्हा उणे होतेही, पण हवा अपुरी पडल्यामुळे धूर काळा होतो आणि भार उचलत नाही. दोष भट्टीत नाही, हे ओळखायला प्रत्येक टप्प्यावरचा दाबातला फरक वाचावा लागतो. तेवढ्याच भाराला ज्या एका टप्प्याचा आकडा नेहमीपेक्षा फुगलेला असेल, तिथे चोंदलेले आहे. सगळेच आकडे एकदम फुगले असतील तर मात्र चोंदण्याऐवजी गळतीचा संशय घ्यावा, कारण वाटेत घुसलेल्या हवेमुळे वायूचे प्रमाणच वाढलेले असते.

दोन पंखे एकत्र चालवताना क्रम पाळावाच लागतो. सुरू करताना आधी आयडी, मग एफडी, आणि बंद करताना आधी एफडी, मग आयडी. कारण एकटा एफडी चालला तर भट्टी फुगते. आयडी अचानक बंद पडला तर इंटरलॉकने, म्हणजे आपोआप थांबवणाऱ्या जोडणीने, एफडी आणि इंधन दोन्ही त्याच क्षणी थांबायला हवेत, नाहीतर ज्वाळा दारांतून बाहेर येते. पेटवण्यापूर्वी दोन्ही पंखे काही मिनिटे चालवून भट्टीतली हवा अनेकदा बदलून घेतात, म्हणजे साचलेला ज्वलनशील वायू उरत नाही.

उलटा धोका मोठ्या बॉयलरला असतो. इंधन एकाएकी तुटले की ज्वाळा विझते, भट्टीतला वायू काही सेकंदांत थंड होऊन आकसतो, आणि आयडी फॅन मात्र पूर्वीच्याच जोराने ओढत राहतो. दाब इतका खाली जातो की भट्टीच्या भिंती आत चेपू शकतात. त्यामुळे अशा बॉयलरांत इंधन तुटताच आयडी फॅनचे डॅम्पर तत्काळ काही प्रमाणात मिटवण्याची आज्ञा नियंत्रणात घातलेली असते, आणि एफडीची हवा मात्र लगेच तोडत नाहीत, कारण त्या क्षणी भट्टीत हवा भरून काढणारा तोच एक मार्ग असतो.